दोन घोट घेते आणि रडते

“डॉक्टर, मुलगी सात आठवड्यांची आहे, अंगावरच पिते. चार दिवसांपासून नाक पूर्ण चोंदलंय. थानाला लावली की दोन घोट घेते, तोंड सोडते आणि लालेलाल होऊन रडते. रात्री तर दर तासाला हेच. औषधाच्या दुकानातून मिठाच्या पाण्याचे थेंब आणि रबरी पंप आणलाय, पण एवढ्याशा नाकात ते घालायला हात धजत नाही. मालिशवाल्या मावशी म्हणतात, कोमट तेलाचे दोन थेंब सोडा, लगेच मोकळं होईल. किती थेंब, किती आत, दिवसातून किती वेळा, आणि चुकलं तर काय होईल? — चाळीसगावहून एक आई”

तुमची मेल आली त्याच दिवशी मी दोनच ओळी कळवल्या होत्या. बाळ दोन महिन्यांच्या आतलं आहे आणि दूध नीट घेत नाही, तेव्हा थेंब नंतर, आधी आजच्या आज बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तुम्ही गेलात. छाती स्वच्छ निघाली, ताप नाही, बोटाला लावलेल्या यंत्रात ऑक्सिजन ९८, वजनही वाढतंय. साधं पडसं. तिथल्या डॉक्टरांनी थेंब आणि पंप हेच सांगितलं, फक्त कसं ते दाखवायला त्यांना गर्दीत वेळ मिळाला नाही. म्हणून हे उत्तर सविस्तर लिहितेय. इतर वाचकांनी मात्र क्रम उलटा करू नये. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचं दूध कमी झालं तर आधी तपासणी, मग घरचे उपाय.

नाक चोंदल्यावर तुम्ही-मी तोंड उघडून श्वास घेतो आणि आपलं चालून जातं. पहिल्या काही महिन्यांच्या बाळाला हे सहज जमत नाही. त्याची जीभ तोंडाच्या मानाने मोठी असते, पडजीभ आणि श्वासनलिकेचं झाकण एकमेकांच्या अगदी जवळ असतात. ही रचना खरं तर दूध पिण्यासाठीच केलेली आहे: नाकाने श्वास चालू ठेवून बाळ सलग ओढू, गिळू शकतं. त्या सगळ्या हिशोबात नाक मोकळं असणं गृहीत धरलेलं आहे. ते बंद झालं की बाळापुढे एकाच वेळी दोन कामं उभी राहतात, श्वास घ्यायचा की दूध, आणि ते अर्थातच श्वास निवडतं. तोंड सोडून रडतं, कारण रडताना तोंडाने हवा आत जाते. म्हणजे ते तुमच्यावर रागावलेलं नाही, दूधही आवडेनासं झालेलं नाही. “दूध आटलं असेल, वरचं सुरू कर” असं या वेळी कुणी ना कुणी म्हणतंच. त्याकडे लक्ष देऊ नका.

आणि नाकपुडी केवढी असते ते बघा. आपल्या नाकात थोडी सूज आली तर जरा जड वाटतं, एवढंच. बाळाच्या नाकात तेवढ्याच सुजेने वाट जवळजवळ मिटते. नळी जितकी बारीक, तितका थोड्याशा अडथळ्याचा त्रास कितीतरी पटींनी वाढतो. याचीच दुसरी बाजू अशी की तिथे जास्त खुडबूड केली तर आपणच सूज वाढवतो. पंपाविषयी मी पुढे जे काही सांगणार आहे, ते सगळं या एका गोष्टीवरून येतं.

पण पंपाआधी बाटली. घरातली बाटली उजेडात धरा आणि त्यावर काय लिहिलंय ते वाचा. आपल्याकडे एकाच नावाच्या दोन-तीन बाटल्या मिळतात, रंगही सारखेच, आणि दुकानदार घाईत हाताला येईल ती देतो. तुम्हाला हवी त्यावर ‘सोडियम क्लोराइड’ एवढंच लिहिलेलं असतं, ०.६५ टक्के किंवा ०.९ टक्के, दोन्ही चालतात. ‘ऑक्सिमेटाझोलिन’ किंवा ‘झायलोमेटाझोलिन’ असा शब्द दिसला तर ती बाटली बाळाच्या वाऱ्यालाही ठेवू नका. ती नाकातल्या रक्तवाहिन्या आवळणारी औषधं आहेत. एवढ्या लहान बाळात ती नाकातून रक्तात उतरतात आणि बाळ गुंगतं, नाडी मंदावते, श्वासही मंद होऊ शकतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोत ०.६५ टक्के स्वच्छ दिसतंय, त्यामुळे तुमची बाटली बरोबर आहे. झाकणावर आजची तारीख पेनाने टाका. उघडलेली बाटली किती दिवस चालते ते वेष्टणावर असतं, बहुतेकांवर महिनाभर असं असतं. एक बाटली एकाच बाळाला. थेंब सोडताना टोक नाकाला लागलं तर पुसून झाकण लावा, कारण नाकातले जंतू बाटलीत जायला तेवढं पुरतं.

घरी मीठ-पाणी करायचं का, हे पुष्कळजणी विचारतात. मी नको म्हणते. चमच्याचं माप प्रत्येक घरात वेगळं, पाणी किती उकळलं याचा भरवसा नाही, आणि जास्त खारट पाणी त्या नाजूक कातडीला झोंबतं. गावात थेंबांची बाटली मिळत नसेल तर दुकानात वाफारा यंत्रात घालायच्या नॉर्मल सलाइनच्या प्लॅस्टिकच्या छोट्या नळ्या मिळतात, ०.९ टक्क्यांच्या. एक फोडायची, दिवसभर वापरायची, उरलेली फेकून द्यायची. स्वस्त आणि स्वच्छ.

आता खरं काम. वेळ निवडा: पाजण्याआधी दहा-पंधरा मिनिटं. पाजल्यावर कधीच नाही, कारण थेंब घशात उतरले की बाळाला उबळ येते आणि सगळं दूध ओकून टाकतं. आणि बाळ भुकेने तळमळायला लागायच्या आधी. रडणाऱ्या बाळाच्या नाकात थेंब घालणं म्हणजे दोघींना शिक्षा.

बाटली मुठीत धरून दोन मिनिटं कोमट करा. थंडगार थेंब पडला की बाळ दचकतं, आणि दुसऱ्या वेळी बाटली पाहूनच मान फिरवतं. सात आठवड्यांच्या बाळाला बाटली ओळखता येते का, असं विचाराल, तर मलाही खात्री नाही, पण मान फिरवताना मी पाहिलंय. हात साबणाने धुवा. बाळाला दुपट्यात गुंडाळा, हात आत, म्हणजे ते मधेच बाटलीला धरायला येणार नाहीत. उताणं झोपवा आणि खांद्यांखाली रुमालाची पातळ घडी ठेवा, डोकं आपोआप किंचित मागे जाईल. घडी डोक्याखाली नको, खांद्यांखाली.

एका नाकपुडीत दोन थेंब, तीन चालतील. बाटली नाकपुडीच्या वर धरून थेंब पडू द्या, आत खुपसू नका. मग थांबा. अर्धं मिनिट ते एक मिनिट. या थांबण्यातच सगळं काम होतं आणि नेमकं तेच सगळेजण टाळतात. वाळलेला शेंबूड गोंदासारखा चिकटलेला असतो, तो पाण्याने फुगायला वेळ लागतो. थेंब टाकले आणि लगेच पंप लावला तर पंप नुसतं पाणी ओढतो आणि खपली तिथेच राहते.

या मिनिटात बहुतेक बाळं शिंकतात. एक शिंक म्हणजे दहा पंप. खपली बाहेर आली तर पातळ सुती रुमालाचा कोपरा पिळून तिला अलगद टिपून घ्या, आणि नाक मोकळं वाटलं तर पंप बाजूला ठेवा. कापसाची काडी नाकात घालू नका, ती खपली आत ढकलते. थोडं पाणी मागच्या बाजूने घशात जाईल, बाळ गिळेल किंवा खोकेल. ते चालतं. गिळलेल्या शेंबडाने पोट बिघडत नाही, ही भीती काढून टाका.

अजून घरघर असेल तरच पंप. तुमचा पंप म्हणजे रबरी फुगा आणि त्याला टोक. फुगा बाळापासून लांब असताना दाबा, हवा बाहेर काढा, दाबलेलाच ठेवून टोक नाकपुडीच्या तोंडाशी आणा. नाकात फुगा दाबला तर शेंबूड आत फेकला जाईल. हीच चूक मी सर्वांत जास्त पाहते. टोक किती आत? तुमच्या करंगळीच्या नखाच्या अर्ध्याइतकं, त्याहून जास्त नाही. आणि दिशा वर डोळ्याकडे नाही, तर सरळ मागे, कानाच्या बाजूला किंचित झुकती. मधल्या पडद्याला टेकवू नका, तिथल्या रक्तवाहिन्या अगदी वरच असतात. नाकपुडीत टोक अलगद बसलं की बोटं हळूहळू सैल करा. फुगा सटकन फुगू देऊ नका, एक-दोन-तीन म्हणत सोडा. बाहेर काढा, कागदावर दाबून रिकामा करा, टोक पुसा, मग दुसरी नाकपुडी. दुसऱ्या बाजूला वेगळी दोन थेंबांची पाळी. दोन्ही मिळून दोन-तीन मिनिटांत होतं.

एका बाजूला एकदा, फार तर दोनदा. आणि पंप दिवसातून तीन ते चार वेळा, बस. त्यातही रात्रीच्या लांब झोपेआधीची एक वेळ ठेवा. थेंब मात्र जास्त वेळा चालतात, प्रत्येक पाजण्याआधी घातले तरी हरकत नाही. जास्त ओढल्याने काय होतं ते तुम्ही विचारलंय. कातडी सुजते, नाक आधीपेक्षा बंद होतं, आई अजून ओढते, आणि तिसऱ्या दिवशी बाळाला माझ्याकडे आणते तेव्हा नाकाच्या कडा लाल आणि आत रक्ताची बारीक रेघ. तसं रक्त दिसलं तर घाबरू नका, पण एक दिवस पंप बंद, फक्त थेंब. रक्त वाहत राहिलं तर दाखवा.

शहरातल्या काही घरांत हल्ली पंपाऐवजी लांब नळी असते. एक टोक नाकपुडीच्या तोंडाशी, दुसरं आईच्या तोंडात, मधे गाळणी, आणि आई स्वतः ओढते. हे बरं चालतं, ओढ किती हे आईच्या हातात असतं. गाळणी मात्र हवीच आणि ती बदलावी लागते. तोंडाने थेट नाक चोखणं, किंवा मावशी करतात तसं नाकात फुंकर मारणं, ही वेगळी गोष्ट. मोठ्यांच्या तोंडातले जंतू बाळाच्या नाकात, आणि फुंकरीने शेंबूड आत. एवढं सांगून सोडते.

तुमच्याकडे काय झालं ते इतरांना कळलं तर उपयोग होईल, म्हणून तुमच्या परवानगीने तुम्ही दुसऱ्या दिवशी पाठवलेल्या नोंदी इथे देतेय. मी तुम्हाला एक मोजणी सांगितली होती: बाळ शांत असताना किंवा झोपलेलं असताना झबलं वर करून पोटाचं वर-खाली होणं घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नका. लहान बाळं मधेच भराभर श्वास घेतात आणि मधेच थोडं थांबतात, अर्ध्या मिनिटात फसगत होते.

रात्री साडेदहाला तुम्ही मोजलेत ४६. साफ करण्याआधी मुलगी दोन-तीन घोट घेऊन सोडत होती, पाच मिनिटांत सहा वेळा. मग थेंब, एक मिनिट, शिंक आली नाही, पंप. उजव्या बाजूने पिवळट घट्ट खपली निघाली, डाव्या बाजूने नुसतं पाणी. दहा मिनिटं थांबून पाजलंत. बारा मिनिटं सलग ओढलं, मधे एकदाच थांबली. ढेकर काढली, झोपली. पुन्हा मोजलंत, ४२. पहाटे तीनला परत चोंदलं, परत तेच केलंत, परत प्यायली.

या चार ओळी माझ्या दृष्टीने तुमच्या मुलीची खरी तपासणी आहेत. नाक मोकळं केलं आणि बाळ पोटभर प्यायलं, श्वास शांत राहिला, म्हणजे अडथळा नाकातच होता. थेंबांचा परिणाम अर्धा-पाऊण तासच टिकतो, मग पुन्हा चोंदतं, त्यात गैर काही नाही. आपल्याला तेवढीच खिडकी हवी आहे, एक वेळचं दूध पोटात जाण्यापुरती.

उलट झालं असतं तर? गेल्या ऑगस्टमधलं एक बाळ आठवतं, पाच आठवड्यांचा मुलगा. आई म्हणाली, नाक चोंदलंय, दिवसातून आठ-दहा वेळा थेंब घालते तरी पीत नाही. मी समोरच थेंब घातले, मिनिटभर थांबले, दोन्ही बाजूंनी पंप लावला. बऱ्यापैकी शेंबूड निघाला, नाकातून हवा मोकळी यायला लागली, चमचा नाकाखाली धरला तर दोन्ही नाकपुड्यांचे दोन धुरकट ठिपके उमटले. आईला म्हटलं, आता पाज. त्याने तोंडात घेतलं, दोनदा ओढलं आणि सोडून दिलं. रडलाही नाही, नुसता पडून राहिला. झबलं वर केलं. मिनिटाला ६६ श्वास, आणि प्रत्येक श्वासाला बरगड्यांच्या खालचा भाग खळगा पडल्यासारखा आत जात होता. ऑक्सिजन ८९. ते नाक नव्हतं. फुप्फुसातल्या बारीक नळ्यांची सूज होती, ब्राँकिओलायटिस. पावसाळ्यापासून थंडीपर्यंत आमच्याकडे याची रांग लागते. त्याला भरती केलं, ऑक्सिजन आणि नळीने दूध, चार दिवसांत घरी गेला. त्या आईने थेंब चुकीचे घातले नव्हते. फक्त नाक मोकळं होऊनही दूध जात नाही, ही गोष्ट तिला कुणी खूण म्हणून सांगितली नव्हती.

म्हणून हा नियम तुमच्या फ्रिजवर चिकटवा. नीट साफ केल्यावर दहा-पंधरा मिनिटांत पाजा. लागोपाठ दोन वेळा नेहमीच्या अर्ध्याहून कमी प्यायली, तर पंपाचा नाद सोडा आणि दवाखान्यात जा. अंगावर पिणाऱ्या बाळाने किती प्यायलं ते मापता येत नाही, तेव्हा लंगोट मोजा. या वयात दिवसाला सहा तरी ओल्या होतात. सहा-आठ तास कोरडी राहिली तर निघा. शांत असताना श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त भरले, थोडं थांबून पुन्हा मोजले तरी तेवढेच आले, तर निघा. दोन महिन्यांपुढे हा आकडा ५० होतो, म्हणजे तुमच्याकडे आठवड्याभराने बदलेल.

काही गोष्टींसाठी मोजत बसायचं नाही. छाती आत ओढली जाणं, श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज, नाकपुड्या फुगणं, श्वास नेहमीच्या थोड्या थांबण्याहून जास्त वेळ थांबणं, ओठ किंवा जीभ निळसर होणं, बाळ उठवूनही न उठणं. यातलं एक दिसलं तर गाडी काढा. ताप काखेत ९९.५ फॅरनहाइट किंवा वर असेल, किंवा बाळ थंडगार पडलं असेल, तरी घरी पॅरासिटामॉल देऊन वाट पाहू नका. तीन महिन्यांच्या आत ताप म्हणजे सरळ तपासणी.

आणखी एक, क्वचित दिसणारं. रडताना बाळ गुलाबी आणि तोंड मिटलं की निळं पडत असेल, किंवा महिनाभर कायम एकाच बाजूचं नाक बंद आणि त्याच बाजूने घट्ट पू येत असेल, तर जन्मापासून नाकाची मागची वाट बंद असू शकते. तो मघाचा स्टीलचा चमचा थंड करून नाकाखाली धरला तर एकच ठिपका उमटतो, किंवा एकही नाही. तुमच्या मुलीच्या दोन्ही बाजूंनी खपली आणि पाणी निघालं, हवाही दोन्हीकडून येते, त्यामुळे तुम्ही ती शंका सोडा.

‘छातीत कफ भरलाय’ हे वाक्य तुमच्या घरात येणार, आलंच असेल. पाठीवर हात ठेवला तर घरघर हाताला लागते. लहान बाळाची छाती पातळ असते, नाकातला आवाज तिच्यावर घुमतो. नाक साफ केल्यावर हात पुन्हा ठेवून बघा. घरघर गेली किंवा निम्मी झाली तर ती नाकातलीच होती.

आता मावशींचं तेल. त्या प्रेमाने सांगतात, त्यांच्या हाताखालून शंभर बाळं गेलीत, हे खरं आहे, आणि मालिश खुशाल करू द्या. पण नाकात तेल नाही, कानातही नाही. नाकात गेलेलं तेल घशाकडे जातं आणि तिथून थोडंसं फुप्फुसात उतरतं. पाणी चुकून उतरलं तर खोकला येतो आणि ते शोषलं जातं. तेलाने खोकलाही धड येत नाही आणि ते तिथेच राहतं. त्यातून न्यूमोनिया होतो, आणि तो आठवडे रेंगाळतो. अशी एक्स-रे फिल्म मी मावशींच्या समोर धरून दाखवली आहे, तेव्हा कुठे एका घरात तेल थांबलं. अंगावरचं दूध नाकात पिळणं त्या मानाने निरुपद्रवी वाटतं, पण दूध गोड असतं आणि वाळून चिकटतं, नाक अजूनच बंद होतं.

अंघोळीनंतरची ओवा-धूप-वेखंडाची धुरी पडसं संपेपर्यंत तरी बंद ठेवा. धूर म्हणजे धूर, चोंदलेल्या नाकाला तो झोंबतो. अगरबत्ती आणि डासांची कॉइलही त्या खोलीत नको, मच्छरदाणी लावा. ओवा-कापराची पुरचुंडी पाळण्याला बांधतात, तीही काढा. कापूर बाळाच्या तोंडात गेला तर झटके येऊ शकतात, आणि पुरचुंडी सुटायला एक रात्र पुरते. छातीला चोळायचे मेंथॉल-कापराचे मलम दोन वर्षांच्या आत नकोत. वाफारा तर नाहीच, भाजलेली बाळं मी पाहिली आहेत.

तोंडावाटे द्यायचे सर्दीचे थेंबही नकोत. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन यांचं ते मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला. तरी ते अजून कपाटात सापडतात, मोठ्या भावंडाचे उरलेले. तुमच्याकडे असले तर आजच बेसिनमध्ये न ओतता दुकानदाराला परत द्या. आणि मध चाटवू नका, एक वर्ष पूर्ण होईपर्यंत.

दूध किती वेळाने, याविषयी थोडं. चोंदलेल्या नाकाने बाळ दमतं, तेव्हा एका बैठकीत पोटभर पिण्याचा आग्रह सोडा. दर दीड-दोन तासांनी थोडं थोडं पाजा. उभं धरून पाजा, म्हणजे बाळाचं डोकं पोटापेक्षा बरंच वर आणि तुम्ही किंचित मागे रेललेल्या. ओढत नसेल तर दूध हाताने वाटीत काढून बाळ पूर्ण जागं आणि बसतं धरून वाटी-चमच्याने द्या, ओठाला लावून, त्याने चाटून घ्यायचं. बोंडलं घरात असेल तर ते आडवं घालून ओतण्याच्या कामाला लावू नका. ज्या बाळाला नाकाने श्वास मिळत नाही त्याच्या घशात दूध ओतलं तर ते चुकीच्या नळीत जायला वेळ लागत नाही. खोकलं, रंग बदलला, की थांबा. झोपवताना सपाट, उताणं, आणि डोक्याखाली उशी नाही. नाक मोकळं राहावं म्हणून पाळण्यात उशी देण्याची पद्धत आहे, पण बाळ खाली सरकून मान दुमडते आणि श्वासाची वाट अजून अरुंद होते.

पंप वापरून झाला की गरम साबणाच्या पाण्यात फुगा दाबून-सोडून तीन-चार वेळा पाणी आत-बाहेर करा, मग तसंच साध्या पाण्याने, आणि टोक खाली करून उभा निथळत ठेवा. रबरी फुग्याच्या आत काय चाललंय ते दिसत नाही, तीच त्याची खोड आहे. आठवड्याने एकदा पूर्ण कोरडा करून उन्हाकडे धरून टोकातून आत बघा. काळे ठिपके दिसले किंवा कुबट वास आला तर ती बुरशी, धुवून जात नाही, फेकून द्या. पुढच्या वेळी दुकानात दोन भाग वेगळे होणारा, पारदर्शक फुग्याचा मागा.

साधं पडसं या वयात आठ-दहा दिवस चालतं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी सर्वांत जास्त. तुमचं शिखर बहुधा ओलांडलं आहे. पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत कमी होत जाऊन नंतर एकदम वाढलं, नवा ताप आला, तर परत दाखवा. आणि एकदा नाक मोकळं राहायला लागलं, मुलगी सलग प्यायला लागली, की पंप लगेच बंद करा. शिल्लक घरघर असली तरी चालेल. सात-आठ आठवड्यांच्या धडधाकट बाळाचं नाक तसंही जरासं घरघरतंच, आणि ते स्वच्छ करत राहण्यासारखं काही नसतं.